पाटावर जुळतात, स्टेजवर का नाही?

नवरा सहा फुटांच्या पुढे आणि नवरी पाच फुटांची असली, की लग्नाच्या अल्बममधले स्टेजवरचे फोटो लगेच ओळखू येतात. तिचा माथा जेमतेम त्याच्या खांद्यापाशी येतो. वर त्याच्या डोक्यावर फेटा असतो, त्यामुळे तो आणखीच उंच दिसतो. अल्बमची काही पानं मागे उलटावीत, होमापुढे पाटांवर शेजारी बसलेले तेच दोघं पाहावेत, तर जोडी अगदी जुळून येते. माणसं तीच, कपडे जवळजवळ तेच, फोटोग्राफरही तोच. मग मधल्या वेळात काय बदललं?

बदलले ते पाय. दोन माणसांच्या उंचीत जो फरक असतो, त्याचा मोठा वाटा कमरेच्या खाली असतो. प्रौढ माणसाची बसल्यावरची उंची, म्हणजे बैठकीपासून माथ्यापर्यंतचं अंतर, एकूण उंचीच्या साधारण निम्मं किंवा किंचित जास्त भरतं. ६ फूट २ इंचांचा माणूस बसला की बैठकीपासून सुमारे ३८ इंच होतो आणि ५ फुटांची बाई सुमारे ३१ इंच. उभं असताना त्यांच्यात १४ इंचांचं अंतर होतं, एकाच पातळीवर बसल्यावर ते ७ इंचांवर आलं. कुणी वाकलं नाही, कुणी टाचा उंचावल्या नाहीत, तरी निम्मा फरक गेला. माणसागणिक हे आकडे इंच-दोन इंच इकडे-तिकडे होतील, पण फारसे नाही.

जोडप्यांचे फोटो काढणाऱ्याने हा हिशेब मनात पक्का बसवून घ्यायला हवा, कारण उंचीचा फरक सांभाळण्याचे बहुतेक चांगले उपाय यातूनच निघतात. जे काही कमीजास्त करायचं ते पायांपाशी करायचं. मान, पाठ आणि खांद्यांना हात लावायचा नाही.

प्रत्यक्षात बहुतेक जण नेमकं उलट करतात. ‘जरा खाली वाक ना’ असं फोटोग्राफर म्हणतो आणि उंच माणूस पाठीतून वाकतो. वर्षानुवर्षं बुटक्या दारांतून ये-जा केलेल्या उंच माणसांना तर हे सांगावंही लागत नाही, कॅमेरा समोर आला की ती आपोआप पोक काढतात. फोटोत हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. शर्टाची कॉलर मानेमागे वर उचललेली दिसते आणि पोटावर बटणांच्या पट्टीला आडव्या सुरकुत्या पडतात. शिवाय हनुवटी गळ्याकडे ओढली जाते, त्यामुळे सडपातळ माणसालाही दुहेरी हनुवटी येते. दुसऱ्या बाजूला, ठेंगणी व्यक्ती चवड्यांवर उभी राहून हनुवटी वर करते. मग तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात, कॅमेऱ्याला नाकपुड्या दिसू लागतात आणि तोल सांभाळण्याच्या धडपडीत चेहऱ्यावरचं हसू घट्ट होऊन जातं. दोघांनी मिळून तीन-चार इंच वाचवलेले असतात, पण दोघांचीही अंगं बिघडलेली असतात.

किती इंच वाचवायचे, हे आधी ठरवावं लागतं. फरक शून्यावर आणणं हे ध्येय नव्हेच. दोन्ही डोकी एका रेषेत आली, तर ओळखपत्राचे दोन फोटो शेजारी चिकटवल्यासारखे दिसतात. जोडीच्या फोटोत ठेंगण्या व्यक्तीचे डोळे उंच व्यक्तीच्या ओठांच्या किंवा हनुवटीच्या पातळीवर आले, की नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सहज उतरते. माणसाचं डोकं माथ्यापासून हनुवटीपर्यंत साधारण ९ इंचांचं असतं आणि डोळे त्याच्या जवळजवळ मध्यावर असतात. त्यावरून हिशेब केला, तर दोन माथ्यांमध्ये तीन ते चार इंच उरले की ही स्थिती येते. म्हणजे वरच्या जोडप्याच्या १४ इंचांपैकी दहा-अकरा इंच कुठेतरी जिरवायचे आहेत.

हेच जोडपं वाईजवळच्या मेणवलीला, कृष्णाकाठच्या घाटावर प्री-वेडिंगसाठी गेलं आहे असं धरू. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे, नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत आणि टेकायला जागोजागी दगडी बांधकाम आहे. चांगला फोटोग्राफर इथे पोहोचल्यावर आधी कॅमेरा बाहेर काढत नाही. तो टेकता येईल अशा उंचीचा कठडा शोधतो.

दोन ते सव्वादोन फूट उंचीचा कठडा सापडला, की निम्म्याहून जास्त काम झालं. उंच माणसाने त्याच्या कडेवर टेकायचं. २७ इंचांच्या कठड्यावर तो टेकला, तर त्याचा माथा जमिनीपासून २७ अधिक ३८, म्हणजे ६५ इंचांवर येतो. ती शेजारी उभी राहिली की ६० इंच. पायात दीड-दोन इंचांची सँडल असेल तर ६२ च्या आसपास. राहिलेला फरक तीन-साडेतीन इंचांचा, म्हणजे जो हवा होता तोच. शिवाय त्याची पाठ ताठ आहे, तिच्या टाचा जमिनीवर आहेत, आणि पाहणाऱ्याला यात काही जुळवाजुळव केल्याचं जाणवतही नाही, कारण कठड्यावर माणसं टेकतातच.

यात बारकावे आहेत, आणि फोटो बिघडतो तो तिथेच. टेकायचं म्हणजे अगदी कडेवर टेकायचं, एक पाय जमिनीवर सरळ आणि दुसरा गुडघ्यातून किंचित वाकलेला. तो मागे सरकून ऐसपैस बसला, की मांड्या आडव्या होतात, पोटाला घडी पडते आणि पाठ आपोआप गोल होते. दुसरं, तो कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून टेकला तर त्याचे गुडघे आणि बूट चेहऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या दीड-दोन फूट जवळ येतात. जवळून घेतलेल्या फोटोत ते अवाढव्य दिसतात. म्हणून त्याला अर्धवट तिरका बसवायचा, गुडघे तिच्या बाजूला वळलेले. ती त्याच्या खांद्याला लागून उभी राहिली की त्या गुडघ्यांचा काही भाग तिच्यामागे जातो आणि दोघांमधली रिकामी फटही भरते.

हातांचा प्रश्न इथेच निघतो. उंच माणसाचा हात सवयीने दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. फरक थोडा असेल तर बिघडत नाही. फरक मोठा असेल तर त्या हाताचं पूर्ण वजन खांद्यावर पडतं, खांदा खाली दबतो, मान आखूड दिसते आणि आधीच ठेंगणी असलेली व्यक्ती आणखी दोन इंच बसल्यासारखी वाटते. तोच हात तिच्या पाठीमागून कमरेशी न्यावा. तिने आपला जवळचा हात त्याच्या छातीवर किंवा दंडावर ठेवावा, कोपर अंगापासून थोडं सुटं ठेवून. एवढ्याने तिचा बांधा मोकळा दिसतो.

कठडा नसेल तर पायऱ्या. घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, जुन्या घाटांवर ती बरीच कमीजास्त असते. ती एक पायरी वर, तो एक पायरी खाली, की १४ चे सात-आठ झाले. इथे हमखास होणारी चूक कॅमेऱ्याच्या जागेची असते. फोटोग्राफर जिन्याच्या पायथ्याशी उभा राहतो. त्यामुळे खालच्या पायरीवरचा उंच माणूस कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि मोठा दिसतो, वरची ठेंगणी व्यक्ती लांब जाऊन लहान दिसते. पायरीने जे दिलं त्यातलं काही अंतराने परत घेतलं. पायऱ्यांच्या बाजूला उभं राहून, दोघंही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतील असा फोटो घ्यावा. दोन पायऱ्यांचा फरक ठेवायचा मोह मात्र टाळावा. आकडा जुळतो, पण पायऱ्या फ्रेममध्ये दिसत असतात आणि तिला मुद्दाम वर चढवल्याचं कळतं.

काही जागी यातलं काहीच हाताशी नसतं. सपाट मैदान, समुद्रकिनारा किंवा स्टेज असलं की दोघांनी उभंच राहायचं असतं. तेव्हा इंच-इंच गोळा करावे लागतात. नऊवारी किंवा शालूखाली तीन इंचांच्या टाचा कुणाला दिसत नाहीत, ते झाले तीन. उंच माणसाने पाय फाकवून उभं राहायचं. पायाची लांबी ३५ इंच धरली आणि पावलांमध्ये २४ इंच अंतर ठेवलं, तर कमर सुमारे दोन इंच खाली येते. अंतर ३६ इंच केलं तर पाच इंच, पण एवढं फाकलेलं उभं राहणं फक्त कमरेच्या वर कापलेल्या फोटोतच खपतं. पूर्ण फोटोत ते कवायतीसारखं दिसतं. त्यामुळे दोन इंचांवर समाधान मानावं.

मग उरते ती जागा. उंच माणसाने पाऊलभर मागे उभं राहायचं. लांबची वस्तू लहान दिसते हे सगळ्यांना माहीत असतं. सिनेमावाल्यांनी याच गोष्टीवर मोठमोठे खेळ उभे केले आहेत. २००१ मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागात गँडाल्फ आणि फ्रोडो एका गाडीवर शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात फ्रोडोची भूमिका करणारा एलायजा वूड बराच मागे बसलेला होता, म्हणून तो गँडाल्फच्या निम्म्या आकाराचा वाटतो. तिथे फरक वाढवायचा होता, जोडीच्या फोटोत तो कमी करायचा आहे. युक्ती एकच.

पण या युक्तीला एक अट आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॅमेरा सरळ धरला, वर किंवा खाली झुकवला नाही, तर लेन्सच्या उंचीवर असलेली गोष्ट कितीही मागे गेली तरी फोटोत त्याच रेषेवर राहते. म्हणून कॅमेरा उंच माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असेल, तर तो पाऊलभर मागे गेल्यावर चेहरा थोडा लहान होतो, पण डोकं खाली येतच नाही. कॅमेरा जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे साधारण ठेंगण्या व्यक्तीच्या छातीपाशी आणला आणि तिच्यापासून १३ फूट लांब उभं राहिलं, तर तो एक फूट मागे जाताच त्याचा माथा फोटोत सुमारे दोन इंच खाली उतरतो. त्याच वेळी त्याची पावलं तीन-साडेतीन इंच वर सरकतात. स्वच्छ फरशीवर हे लगेच दिसतं, गवतात किंवा साडीच्या घेरामागे ते लपून जातं.

टाचा, फाकवलेले पाय आणि मागे सरकणं मिळून सात इंच झाले. १४ चे सात उरले. तिचा माथा आता त्याच्या ओठांच्या पातळीवर आहे. कठड्याएवढं हे जमलेलं नाही, पण उभ्या जोडीला ते शोभतं, आणि इथे थांबणंच शहाणपणाचं आहे. आणखी दोन इंचांच्या हव्यासाने फोटोग्राफर कॅमेरा जवळ आणतो. सहा फुटांवरून फोटो घेतला तर एक फूट मागे असलेला माणूस जवळजवळ चौदा टक्क्यांनी लहान दिसतो. माथा खाली येतो खरा, पण सव्वासहा फुटांच्या धिप्पाड माणसाचं डोकं शेजारच्या पाच फुटांच्या बाईपेक्षा लहान दिसू लागतं. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे लगेच जाणवतं. १३ फुटांवर हाच फरक सात टक्क्यांचा असतो आणि खपून जातो.

अंतराचं महत्त्व मोबाइलवर आणखी वाढतं. मोबाइलची नेहमीची लेन्स बऱ्यापैकी रुंद असते, त्यामुळे पूर्ण माणूस मावावा म्हणून लोक दोन-अडीच मीटरवर जाऊन उभे राहतात. तिथून कडेला आलेलं अंग ताणलं जातं, जवळ आलेला हात फुगतो. 2x वर बोट ठेवावं आणि चार-पाच मीटर मागे जावं. तेवढ्या अंतरावरून उभ्या फोटोत सव्वासहा फुटांचा माणूस डोक्यावर जागा ठेवून मावतो. 0.5x चा पर्याय अशा जोडीसाठी विसरूनच जावा. आणि मोबाइल स्वतःच्या डोळ्यांपाशी धरून खाली झुकवू नये. फोटो काढणारा उंच असेल तर हे हमखास होतं. डोकी मोठी आणि पाय आखूड होतात, आणि ज्या व्यक्तीची उंची मुळात कमी आहे तिचं त्यात जास्त नुकसान होतं. त्याने स्वतः गुडघे वाकवावेत किंवा एका गुडघ्यावर बसावं.

मोठ्या कॅमेऱ्याने काम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. पार्श्वभूमी धूसर करायला ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडली, तर चार मीटरवर साधारण पाऊण फुटाचाच पट्टा नीट फोकसमध्ये राहतो. म्हणजे एक फूट मागे उभा केलेला नवरा अस्पष्ट येणार. एफ ४ किंवा ५.६ वर आलं की दोघंही त्या पट्ट्यात बसतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ही चूक दिसत नाही. अल्बमचं मोठं पान छापून आलं की घरचे विचारतात, याचे डोळे असे का दिसतात?

आतापर्यंत उंच नवरा आणि ठेंगणी बायको हीच जोडी धरली, कारण तीच जास्त दिसते. उलट जोडी समोर आली की पुष्कळ फोटोग्राफर काही न विचारता बाईला खाली बसवतात. सिनेसृष्टीने तर यासाठी खड्डे खणले आहेत. १९५७ च्या ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’मध्ये सोफिया लॉरेन ही नायक अॅलन लॅडपेक्षा उंच होती, म्हणून किनाऱ्यावर दोघं चालतात त्या दृश्यासाठी वाळूत चर खणून तिला त्यातून चालवलं गेलं. १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’त हम्फ्री बोगार्टला इन्ग्रिड बर्गमनच्या शेजारी उंच दिसण्यासाठी बुटांत आणि पायाखाली आधार द्यावा लागला. या दोन्ही जोड्यांमध्ये फरक काही इंचांचाच होता. अडचण उंचीची नव्हती, नायकच उंच दिसला पाहिजे या आग्रहाची होती.

खऱ्या जोडप्यावर हा आग्रह लादण्याचा फोटोग्राफरला काहीही अधिकार नाही. त्याने सुरुवातीलाच सरळ विचारावं की फरक दिसू द्यायचा की कमी करायचा. पुष्कळ जोडप्यांना तो दिसलेलाच आवडतो. तिची हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकलेली, किंवा त्याने तिला मिठीत घेतलंय आणि तिचं डोकं थेट त्याच्या छातीवर, असे फोटो मोठ्या फरकामुळेच जमतात. सारख्या उंचीच्या जोडीला ते साधत नाहीत. कमी करायचा असेल, तर बाई उंच असो की पुरुष, कठडा, पायरी आणि पाऊलभर मागे हे तिन्ही उपाय जसेच्या तसे लागू पडतात. फक्त नऊवारीत कठड्यावर टेकताना काष्टा आणि निऱ्या नीट करून घ्यायला एक मदतनीस लागते. साडी घोट्यापासून वर ओढली गेली तर तो फोटो पुन्हा घ्यावा लागतो.

स्टेजसाठी एवढा वेळ नसतो. आहेर घेऊन रांग उभी असते आणि प्रत्येक कुटुंबाला मोजके क्षण मिळतात. तिथे आधीपासून तजवीज करावी लागते. दोन खुर्च्या मांडलेल्या असतील तर नवरा-नवरीचे मुख्य फोटो बसून घ्यावेत, निम्मा फरक तिथेच जातो. नवरीच्या खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवली की आणखी दोन इंच मिळतात. पाहुण्यांसोबत उभं राहायचंच असेल, तर नवरीसाठी चार इंच उंचीचा रुंद पाट शालूच्या घेराआड ठेवता येतो. तो डुगडुगणारा नसावा आणि त्यावरून उतरताना हात द्यायला कुणीतरी जवळ असावं. आणि फेटा उतरवून किमान काही फोटो घ्यावेत. उभ्या तुऱ्याचा फेटा उंचीत सहज अर्धा फूट भर घालतो, त्यामुळे फ्रेम वर खेचावी लागते आणि दोघंही लहान होतात.

शूटिंगच्या वेळी काहीच केलं नाही, तर शेवटी सगळा भार संगणकावर येतो. नवरीला उभं ताणलं की चेहराही ताणला जातो. फक्त पाय ताणले तर साडीचा काठ खाली रुंद आणि वर अरुंद दिसतो, मागच्या फरशीच्या रेषा वाकतात, दाराची चौकट तिच्याजवळ फुगते. हे तपासायचं असेल तर माणसांकडे पाहूच नये, त्यांच्या मागच्या सरळ रेषा पाहाव्यात. संगणकावर करण्यासारखं एक काम मात्र बिनधोक आहे, ते म्हणजे कापणं. पायांपाशी काही जुळवाजुळव केली असेल, तर फोटो मांडीच्या मध्यावर किंवा कमरेच्या जरा वर कापावा. गुडघ्यावर किंवा घोट्यावर कापला तर पाय तोडल्यासारखे दिसतात. म्हणून शूटिंगच्या वेळीच थोडी मोकळी जागा ठेवून फोटो घ्यावा, म्हणजे नंतर कापायला वाव राहतो.